स्लाइड क्रमांक सातचा रुग्ण

दंतमहाविद्यालयाच्या मुखरोग विभागात एक गाल फार प्रसिद्ध होता. दर सत्रात तो व्याख्यानाच्या खोलीत पडद्यावर यायचा, माणसाच्या उंचीएवढा होऊन, आणि विभागप्रमुखांच्या लेझरचा लाल ठिपका त्याच्यावरून मायेने फिरायचा. गालाची आतली बाजू गुलाबी, आणि तिच्यावर पांढऱ्या बारीक रेघा एकमेकींत गुंतलेल्या. एखाद्या हौशी बाईने फावल्या वेळात लेस विणून आत चिकटवून ठेवावी, तशी ती जाळी दिसायची. स्लाइड क्रमांक सात. ओरल लायकेन प्लॅनस. रुग्ण पुरुष, वय एकावन्न.

"बोळ्याने पुसली तर जाते का ही जाळी?" सर विचारायचे.

"नाही सर!"

"एकाच गालावर असते?"

"बहुतेक दोन्ही गालांवर!"

"एकापासून दुसऱ्याला होते?"

"नाही!"

"मग होते कशाने?"

इथे आवाज पातळ व्हायचा. शरीराच्या रक्षक पेशीच बिथरतात आणि आपल्याच तोंडाच्या अस्तरावर तुटून पडतात, इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असायचं. त्या का बिथरतात, हे कुणालाच नीट ठाऊक नाही, आणि परीक्षेत असं लिहिलं तर मार्क मिळतात की जातात याची खात्री नसायची.

"आणि पूर्ण बरा होतो का हा आजार?"

यावर वर्ग वह्यांत डोकं घालायचा. डॉक्टर होऊ घातलेल्या मंडळींना या प्रश्नाचं उत्तर आवडत नाही. मग सर टेबलावर थाप मारायचे. "बरा होत नाही, ताब्यात राहतो! म्हणून आपण बघत राहतो. दर सहा महिन्यांनी, फार तर वर्षाने. दुखत असो वा नसो. आयुष्यभर! शंभरात एखाद्याच्या बाबतीत याचा पुढे कॅन्सर होतो. तो एखादा कोण, हे कपाळावर लिहिलेलं नसतं. जो रुग्ण तारखेला आला नाही, त्याला फोन करा. उचलत नसेल तर त्याच्या बायकोला करा."

हा तास इतका रंगायचा की मुलांनी सरांचं नाव 'जाळीवाले' ठेवलं होतं. सरांना ते ठाऊक होतं, आणि खोटं कशाला सांगा, आवडतही होतं.

मुलांना एवढंच ठाऊक नव्हतं की तो गाल सरांचा होता.

आठ वर्षांपूर्वी त्यांना जिभेला गाल खरखरीत लागू लागला. आरशात पाहिलं तर जाळी. वर्गात ज्या गोष्टीवर आपण वीस वर्षं बोललो ती आपल्याच तोंडात निघावी, याचं पहिल्या क्षणी त्यांना चक्क कौतुक वाटलं. विभागातल्या जुन्या मित्राने गालाचा मसुराएवढा तुकडा काढून तपासला, निदान पक्कं केलं, फोटो काढले, तारखा दिल्या. पहिली दोन वर्षं सर वक्तशीर गेले. मग मित्र निवृत्त झाला आणि सर विभागप्रमुख झाले. आता तपासून घ्यायचं तर हाताखालच्या माणसांपुढे तोंड उघडायचं. ज्या तोंडाने मंगळवारी झापलं, तेच बुधवारी आ करून दाखवायचं. सरांनी विचार केला, एवढं काय, आपल्याला तर सगळं कळतं. रोज सकाळी दाढी करताना गाल ओढून बघायचं. जाळी जागेवर आहे, वाढलेली नाही, संपलं. जळजळ झाली की स्टिरॉइडचं मलम लावायचं, आणि ती अलीकडे बरीच होत होती.

अशी सहा वर्षं गेली. गाल पडद्यावर येत राहिला.

त्या सोमवारी पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीने हात वर केला. पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षाची मुलगी. प्रश्न विचारताना आवाज इतका नम्र ठेवायची की उत्तर देणाऱ्याला उगीच धाकधूक व्हायची.

"सर, फोटोवरची तारीख आठ वर्षांपूर्वीची आहे."

"मग?"

"मग नंतरचे फोटो दाखवाल का? म्हणजे, तुम्हीच म्हणालात ना, बघत राहायचं. आठ वर्षांत सोळा तरी भेटी झाल्या असतील."

मागच्या बाकावर कुणीतरी "झाल्या असतीलच की" असं पुटपुटलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. चष्मा स्वच्छच होता.

"रुग्ण नियमित येतो," ते म्हणाले. "फोटो जरा शोधावे लागतील. पुढच्या सोमवारी आणतो."

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलताना तारीख देऊन बसतो. सरांचं तेच झालं.

त्या संध्याकाळी ते विभागातला तोंडात घालायचा आरसा आणि गाल बाजूला धरायची प्लॅस्टिकची आकडी पिशवीत घालून घरी आले. बायको स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती. तिची ग्रंथालयातली नोकरी नुकतीच संपली होती, पण नजर अजून पुस्तक उशिरा आणणाऱ्याला ओळखणारीच होती.

"जरा फोटो काढतेस का? माझ्या तोंडाचा. आतून."

"कशाला?"

"मुलांना दाखवायला. एक... उदाहरण म्हणून."

"अख्ख्या शहरात दुसरं तोंड मिळालं नाही का?" असं म्हणत तिने हात पुसले आणि फोन घेतला.

दिव्याखाली खुर्ची ओढली. सरांनी आकडीने उजवा गाल ताणला, मग डावा. बायकोने चार फोटो काढले, त्यातल्या दोनांत फक्त तिचा अंगठा आला.

"अहो, हे पांढरं काय आहे? काही चिकटलंय का?"

"ते असतंच."

"असतंच म्हणजे? माझ्या तोंडात तर नाही."

सर आकडी तोंडात ठेवून काय सांगणार? त्यांनी ती काढली आणि सांगितलं. थोडक्यात, व्याख्यानातले आकडे वगळून. आठ वर्षं, असं म्हणताना त्यांचा आवाज खाली गेला.

बायकोच्या डोक्यात काहीतरी मागे मागे जात होतं, आणि कुठे जाऊन थांबणार हे सरांना दिसत होतं.

"म्हणजे जेवताना जे तुमचं हाय हाय चालायचं," ती म्हणाली, "ते यामुळे?"

"तिखट, आंबट, गरम लागलं की झोंबतं. कुरकुरीत काही घासलं तरी."

"आणि मला म्हणत होता, तुझा हात तिखटाला सैल झालाय."

सर जमिनीकडे बघू लागले.

"सगळ्यांदेखत म्हणालात. माझ्या बहिणीकडे जेवायला गेलो तेव्हा म्हणालात, 'हिच्या जिभेची चवच गेलीय.' मी मिरची बंद केली घरात. तीन वर्षं आजाऱ्यासारखं जेवतोय आपण. मला खरंच वाटायला लागलं होतं, की चव गेली माझी. वयाने जाते म्हणतात ना? डॉक्टरकडे जाणार होते मी."

"तुला सांगणार होतो मी..."

"कधी? मी डॉक्टरकडे जाऊन आल्यावर?"

एखाद्याने चोरी केली आणि आळ घरातल्या माणसावर ढकलला, तशातली गोष्ट होती ती. आणि सरांनी हे रोज, दोन्ही वेळा, जेवायला बसून केलं होतं.

बायकोने फोन पुन्हा उचलला. रागाने काम थांबवणाऱ्यांपैकी ती नव्हती. "जीभ बाहेर काढा. डावीकडे वळवा. अजून. उजव्या कडेला हे लाल काय आहे?"

"कुठे?"

"इथे, मागे. दाढेला लागून. लाल आहे आणि मधे पांढरं, ओबडधोबड."

सरांनी फोटो बघितला. मग मोठा करून बघितला. रोज सकाळी ते गाल बघत होते, कारण आजार गालावर आहे हे त्यांना ठाऊक होतं. जिभेची मागची कड त्यांनी सहा वर्षांत एकदाही बघितली नव्हती. स्लाइडमध्ये जीभ नव्हती ना.

"दाढेची कड लागली असेल," ते म्हणाले.

"असेल," बायको म्हणाली. "उद्या दाखवून या. नाहीतर मी येऊन तुमच्या त्या मुलांनाच विचारते."

दुसऱ्या दिवशी सरांनी ओपीडी संपायची वाट पाहिली. शेवटचा रुग्ण गेला, तसे ते मॅडमच्या खोलीत शिरले. मॅडम म्हणजे विभागातल्या सहयोगी प्राध्यापक, सरांचीच जुनी विद्यार्थिनी. अकरा वर्षांपूर्वी तोंडी परीक्षेत तिने जखम नुसती बघितली, बोट लावून चाचपली नाही, म्हणून सरांनी तिला नापास केलं होतं. तेव्हापासून ती विभागात सगळ्यात जास्त चाचपायची.

"या ना सर. काही काम होतं?"

"एक रुग्ण बघायचा होता."

मॅडमने दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. सर खुर्चीत बसले, तेव्हा तिला कळलं. तिने काही न बोलता हातमोजे चढवले आणि दिवा ओढला. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं, असं सरांना वाटलं.

"त्रास काय होतो?"

"जळजळ. तिखटाने, टूथपेस्टनेसुद्धा. हिरड्या लाल होतात, ब्रश लागला की सोलवटतात."

"गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

"रक्तदाबाच्या. दोन वर्षांपूर्वी बदलल्या."

"त्यानंतर त्रास वाढला?"

सरांनी थोडा विचार केला. हा प्रश्न त्यांनी हजार रुग्णांना विचारला होता, स्वतःला एकदाही नाही. "हो. वाढला खरा."

"काही गोळ्यांनी असं होतं. तुमच्या डॉक्टरांशी बोलते मी, बदलता येतात का ते. मनावर ताण वगैरे?"

"विभागप्रमुख आहे मी."

मॅडम किंचित हसली आणि लगेच गंभीर झाली. "तंबाखू, सिगारेट?"

"नाही, कधीच नाही."

"शेवटचं कधी दाखवलं होतं?"

"सहा..."

"सहा महिन्यांपूर्वी?"

सर छताकडे बघत राहिले. दिव्यात एक मेलेली माशी होती. "वर्षांपूर्वी," ते म्हणाले.

मॅडमने केसपेपरवर ते जसंच्या तसं लिहिलं. मग बोळ्याने गाल पुसला. जाळी गेली नाही, पण तिच्यावरचा एक दह्यासारखा पापुद्रा मात्र निघून आला आणि खाली लाल दिसलं. "मलम मनाने लावताय ना? बुरशी बसलीय वर. निम्मी जळजळ तिचीच असणार. त्याचं औषध देते." जीभ कापडात धरून बाहेर ओढली, कड बघितली, आणि बोटाने चाचपू लागली. अगदी सावकाश, कडेकडेने. सर तिच्या चेहऱ्यावरून वाचायचा प्रयत्न करत होते. पण चेहरा कोरा कसा ठेवायचा हे त्यांनीच तिला शिकवलं होतं.

"दाढेत जुनं चांदीचं भरण आहे, त्याची कड तुटलीय," ती म्हणाली. "घासतेय ती. एरवी कड गुळगुळीत करून दोन आठवडे थांबले असते मी. भरतं का बघितलं असतं."

सरांनी भुवया वर केल्या.

"पण एका जागी कडक लागतंय, सर."

खोलीत बेसिनचा नळ ठिबकत होता.

"तुकडा आजच घेते," मॅडम म्हणाली. "चालेल ना?"

सरांनी मान डोलावली. जीभ तिच्या हातात असल्यामुळे तेवढंच शक्य होतं.

अहवालाला आठ दिवस लागणार होते. सोमवार सहाव्या दिवशी आला. सरांनी रजा टाकायचा विचार केला. अर्ज लिहिला, फाडला, पुन्हा लिहिला. शेवटी ते जिभेला टाके घेऊन वर्गात उभे राहिले आणि पडद्यावर दोन फोटो लावले. एका बाजूला जुना गाल, दुसऱ्या बाजूला गेल्या आठवड्यातली जीभ.

"हा तोच रुग्ण," ते म्हणाले. जीभ सुजल्यामुळे शब्द जरा गोल होत होते, आणि पोरं त्यांना सर्दी झालीय असं समजली. "आठ वर्षांनंतर. पहिली दोन वर्षं आला, मग सहा वर्षं आला नाही. गेल्या सोमवारी मी 'रुग्ण नियमित येतो' म्हणालो, ते चूक होतं."

वर्गात कुजबुज झाली. चष्मेवालीने वहीत काहीतरी लिहिलं.

"फरक सांगा."

"जाळीऐवजी लाल पट्टा, सर. पांढरं सलग नाही. जिभेच्या कडेला आहे. ही जागा वाईट," मधल्या बाकावरून एकजण म्हणाला. "आणि सहा वर्षं बेपत्ता! अशा लोकांचं काय करायचं?"

"अडाणी असेल," दुसरा म्हणाला. "गावाकडून बस मिळत नसेल."

"किंवा दुखत नाही म्हणून आला नसेल," चष्मेवाली म्हणाली. "सर, त्याला नीट समजावून सांगितलं होतं का कुणी?"

"सांगितलं होतं. फार चांगलं समजावलं होतं."

"मग शिकलेला नसेल."

"शिकलेला होता."

"मग का नाही आला?"

सरांनी लेझर बंद केला. सगळ्या वर्गाच्या नजरा त्यांच्यावर होत्या. खोटं बोलायला जागा पुष्कळ होती. रुग्ण परगावी गेला, रुग्णाची बदली झाली, रुग्ण फोन उचलत नव्हता. या तिन्ही सबबी त्यांनी आयुष्यभर रुग्णांच्या तोंडून ऐकल्या होत्या आणि प्रत्येकाला सगळ्यांदेखत झापलं होतं.

"लाज वाटली म्हणून," ते म्हणाले. "हाताखालच्या लोकांपुढे तोंड उघडायची. मीच तो."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं सरांना वाटलं. अडाणी म्हणणारा मुलगा बाकाखाली पेन शोधू लागला, जे त्याच्या हातातच होतं. चष्मेवालीने वही मिटली, पुन्हा उघडली.

"सर," ती म्हणाली, "रिपोर्ट आला का?"

"नाही."

तास संपायला पस्तीस मिनिटं होती. सर ती पस्तीस मिनिटं शिकवत राहिले. हिरड्यांच्या सोलवटण्याबद्दल, गोळ्यांबद्दल, तुटक्या भरणांबद्दल. आणि आठ वर्षांत पहिल्यांदाच त्या वर्गात कुणी मागे बसून मोबाइल बघितला नाही. सरांना वाटलं, ही एवढी किंमत मोजली की मुलं ऐकतात म्हणायची. रोज परवडणार नाही.

बुधवारी अहवाल आला. मॅडमने तो फोनवर सांगितला नाही. निरोप पाठवला, ओपीडीत या, बाईंना घेऊन या. हा निरोप सरांनीच पूर्वी कितीकांना धाडला होता, आणि त्याचा अर्थ त्यांना पाठ होता. ते बायकोला घेऊन बाकावर बसले, इतर रुग्णांच्या रांगेत, हातात केसपेपर धरून. येणारेजाणारे नमस्कार करत होते आणि मग हातातला कागद बघून नमस्कार अर्ध्यावर सोडत होते. एक इंटर्न चहा हवा का विचारून गेला. सर म्हणाले, गरम चालत नाही. हे वाक्य त्यांनी आठ वर्षांत पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं.

"घाबरलात?" बायकोने हळूच विचारलं.

"हो."

"मग तसं म्हणा की. मिरची जास्त झाली म्हणू नका." तिने त्यांचा हात धरला नाही, पण पिशवी मांडीवरून उचलून दोघांच्या मधली जागा मोकळी केली, आणि जवळ सरकली.

नाव पुकारलं. मॅडमने दोघांना बसवलं आणि एकही वाक्य लांबवलं नाही.

"कॅन्सर नाही. पण पेशी बदलायला लागल्यात, मध्यम प्रमाणात. तेवढा भाग पूर्ण काढून टाकायचा. भरणाची कड तुकडा घेतला तेव्हाच गुळगुळीत केली, आता ते भरणच बदलू. आणि नंतर दर तीन महिन्यांनी दाखवायचं. अजून वर्षभराने आला असतात, तर हेच वाक्य मी 'कॅन्सर नाही' असं सुरू करू शकले असते की नाही, सांगता येत नाही."

बायकोने डोळे मिटले, उघडले. सुटका झाल्यावर माणूस हलका होतो म्हणतात. सरांना मात्र आणखी जड वाटत होतं. शंभरातला तो एखादा आपण नव्हतो, निदान आज नव्हतो, पण त्याचं श्रेय आपल्या कशालाही जात नव्हतं. ते गेलं होतं एका नम्र आवाजाच्या मुलीला आणि फोटोत अंगठा आणणाऱ्या बायकोला.

"मी तुला तेव्हा नापास केलं होतं," सर म्हणाले.

"बरोबर केलं होतं, सर," मॅडम म्हणाली आणि कागदावर सही केली. "तारीख काउंटरवरून घ्या."

काउंटरवरच्या ताईंनी सरांकडे पाहिलंच नाही. त्या कुणाकडेच बघत नसत. कॉम्प्युटरकडे बघून विचारत, आणि कॉम्प्युटरला सांगत.

"शस्त्रक्रिया सोमवारी. नंतरची तारीख तीन महिन्यांनी. पेशंट तारखेला आला नाही तर फोन करायला नंबर सांगा."

सरांनी बायकोचा नंबर सांगितला.

"हा नातेवाइकाचा झाला. पेशंटचा स्वतःचा?"

"तो नको लिहू," सर म्हणाले. "तो उचलणार नाही."

ताईंनी पहिल्यांदाच मान वर केली, त्यांना ओळखलं आणि गोंधळून उभ्या राहिल्या. सरांनी हाताने त्यांना बसायला सांगितलं. मागे रांग होती.